दहा दिवसांतले दोन इंच: एका वाचकाला उत्तर

*"पोटाचे व्यायाम करून पोटावरची चरबी जात नाही, हे तुमचं बोलणं पुस्तकी आहे. मी इथे त्रिमूर्तीनगरला एक 'बेली प्लॅन' घेतला. रोज १५ मिनिटं क्रंचेस, पोटाला स्वेट बेल्ट, आणि रात्री भात-पोळी बंद. दहा दिवसांत कंबर ३८ ची ३६ झाली, वजन ८२ चं ७९.५. टेप खोटं बोलते का?"*

भाऊ, टेप खरं बोलते आणि काटाही. प्रश्न एवढाच आहे की ते अडीच किलो नेमकं कशाचं होतं. तुमच्याच आकड्यांवर हिशोब करू.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. अडीच किलो सगळी चरबीच गेली असं धरलं, तर दहा दिवसांत १९,००० च्या वर, म्हणजे रोज १,९०० कॅलरींची तूट पडायला हवी. तुमच्या वजनाच्या माणसाचा दिवसाचा एकूण खर्चच २,४०० च्या आसपास असतो. तुम्ही दहा दिवस जवळजवळ उपाशी राहिला नाहीत, त्यामुळे हे गणित बसत नाही.

आता क्रंचेस. १५ मिनिटांचे ७० कॅलरी धरा, दहा दिवसांचे ७००. चरबीच्या भाषेत जेमतेम ९० ग्रॅम. तेही पोटावरूनच गेले असं नाही. चरबीच्या पेशीतून शेजारच्या स्नायूकडे थेट वाट नसते. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, इन्शुलिन उतरतं, तेव्हा अंगभरच्या चरबीपेशी फॅटी अ‍ॅसिड रक्तात सोडतात, आणि कामावर असलेला स्नायू ते रक्तातून उचलतो. पोटात जी आग होते ती थकलेल्या स्नायूची असते, चरबी वितळल्याची नाही. राबणाऱ्या स्नायूला लागून असलेल्या चरबीतून किंचित जास्त चरबी सुटते हे मोजलं गेलंय, पण ती अर्ध्या तासाला शंभर ग्रॅम चरबीमागे जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. टेपला ते कधीच दिसणार नाही.

१९८४ साली यावर एक सरळ प्रयोग झाला. २७ दिवसांत माणसांकडून ५,००४ सिट-अप्स करून घेतले आणि आधी व नंतर पोट, पाठ आणि कुल्ल्यावरच्या चरबीचे नमुने सुईने काढून पेशी मोजल्या. तिन्ही ठिकाणच्या पेशी सारख्याच प्रमाणात लहान झाल्या होत्या. व्यायाम एका जागेचा, घट सगळीकडे.

मग तुमचे अडीच किलो? रात्रीचा भात-पोळी सुटल्यामुळे रोज सहाशे कॅलरी कमी गेल्या असतील, तर दहा दिवसांत पाऊण किलोभर चरबी खरंच गेली. हे तुमच्या जेवणाचं यश आहे, बेल्टचं नाही. कार्बोहायड्रेट कमी झाले की स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा उतरतो, आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. ३०० ग्रॅम साठा उतरला तर पाण्यासकट सव्वा किलो झाला. उरलेलं आतड्यातलं अन्न, मीठ कमी गेल्यानं उतरलेलं पाणी आणि बेल्टचा घाम. पोट रिकामं आणि कमी फुगलेलं असलं की टेप लगेच आत जाते.

एक गोष्ट प्लॅन विकणाऱ्याच्या बाजूने आहे, ती सांगतो. वजन उतरायला लागलं की पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी बहुतेकांमध्ये लवकर हलते. त्यामुळे पुरुषांची कंबर आधी उतरते, मग त्यांनी पायऱ्या चढल्या असोत की अंबाझरीला फेऱ्या मारल्या असोत. नेमका याचाच फायदा घेऊन श्रेय क्रंचेसना दिलं जातं.

म्हणून असा कुठलाही प्लॅन तपासायचा असेल तर फक्त कंबर मोजू नका. सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खायच्या आधी, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, सहज श्वास सोडून कंबर मोजा. त्याच वेळी दंड आणि मांडीही मोजा. प्लॅन खरोखर फक्त पोटावर चालत असेल तर दंड-मांडी जागच्या जागी राहायला हवेत. तेही उतरत असतील तर अंगभर चरबी चाललीय, जेवणामुळे. आणि प्लॅन विकणाऱ्याला विचारा की सोबतचा आहाराचा कागद काढून टाकला तर किती इंचांची खात्री देता? तो कागद काढायला तयार नसेल तर तुम्ही पैसे कशासाठी देताय ते उघड होईल.

बेल्ट मात्र आजच सोडा. घामातून चरबी निघत नाही, आणि आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा पोट गुंडाळून व्यायाम करणं म्हणजे ऊन लागायला आमंत्रण.

आता दोन दिवस रात्री नेहमीसारखा भात-पोळी खा आणि तिसऱ्या सकाळी काट्यावर उभे राहा. एक-सव्वा किलो परत आलेलं दिसेल. घाबरू नका, ते पाणी आहे. जे परत येणार नाही तेवढंच तुम्ही खरं कमावलेलं, आणि ते रात्रीच्या ताटामुळे.