पहिला पाऊस, खिडकी आणि २२ अक्षरं

परवा संध्याकाळी वळीव पडला आणि तासाभरात माझ्या फीडवर सगळीकडे रिमझिम सुरू झाली. रिमझिम सरी, चिंब चिंब, हिरवा गालिचा. अरे, सोलापूर आहे हे! इथं मे महिन्यात पडतो तो वळवाचा पाऊस. दिवसभर भट्टी, चार-साडेचारला आभाळ काळं, मग वारं सुटतं, धूळ उठते, पत्रे वाजतात, दोरीवरचे कपडे शेजारच्याच्या गच्चीवर जातात आणि मग रुपयाएवढे थेंब टप टप सुट्टे पडतात. वीस-पंचवीस मिनिटांत खेळ खलास. पलीकडच्या पेठेत तर तेवढाही नाही. मृग निघतो ७ जूनच्या आसपास, आणि आपल्याकडचा खरा पाऊस पार सप्टेंबरात. तर मग रिमझिम कुठनं आली? पुण्यातनं आली असेल, पार्सलने.

पण दुसऱ्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही, मी पण तेच केलं. खिडकीतनं फोटो काढला आणि प्रोफाइलच्या बायोत टाकायला म्हणून हे लिहिलं:

पहिल्या पावसाच्या रिमझिम सरी, खिडकीत मी अन् हातात चहाचा कप, मातीच्या सुगंधात दरवळणारी तुझी ती जुनी आठवण

तर ते बसेचना. फेसबुकच्या बायोला १०१ कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि माझं झालं १०३. ‘तुझी ती जुनी आठ’ इथंच गाडी अडकली, पुढचं घेईचना. मराठीत हा घोळ नेहमी होतो, कारण आपण ‘गल्ली’ म्हणताना दोन अक्षरं मोजतो आणि मोबाईल मोजतो पाच, त्याला ग वेगळा, ल वेगळा, पाय मोडायची खूण वेगळी, परत ल वेगळा आणि वेलांटी पण वेगळी. काना, मात्रा, अनुस्वार सगळ्याचं भाडं लागतं. त्यामुळं इंग्रजीत लांबलचक वाटणारी जागा मराठीत भसकन भरते.

दादा मागून बघत होता. "काय लिहायलीस गं? आठ काय, भजी का?" असं म्हणून हसला आणि वर म्हणतो, "चहा कुठाय तुझ्या हातात? लाइट गेलीय, अंधारात बसलीयस, कूलर बंद हाय म्हणून खिडकीत आलीयस." खरं होतं ना ते. चहा नव्हता, कुणाची आठवण पण नव्हती, आणि मातीचा वास म्हणाल तर आमच्या गल्लीत माती उरलीय कुठं, सगळं डांबर आणि सिमेंट, पहिल्या थेंबाला वास येतो तो तापलेल्या धुळीचा.

मग म्हटलं, जे खरंच घडलं ते लिहू. आणि घडलं काय होतं? आम्ही पूर्वभागात राहतो, आमच्या खिडकीसमोर यंत्रमागाचा कारखाना आहे, टॉवेलचा. माग दिवसभर खटाक् खटाक् चालू असतात, इतके की तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही, पाहुणे आले की ते विचारतात, "झोपता कसं हो तुम्ही?" तेव्हा आठवतं. वारं सुटलं, लाइट गेली आणि सगळे माग एकदम बंद. गल्ली अशी गप्प झाली की मीच दचकले. आणि त्या गप्पपणात कारखान्याच्या पत्र्यावर पहिला थेंब वाजला. मग दुसरा. मी पाऊस आधी बघितलाच नाही, ऐकला. लाइट असती तर तो थेंब मला कळलाच नसता. म्हणजे कॅप्शन इथं होतं आणि मी चहात शोधत बसले होते.

आता हे छोटं कसं करायचं. मला मुक्तछंद जमत नाही, म्हणजे लिहिला की नुसतं गद्य एंटर मारून तोडल्यासारखं दिसतं (बऱ्याच जणांचं तसंच दिसतं, पण जाऊ दे). म्हणून अभंगाचा साचा घेतला. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यातलं, कानाला सवय आहेच. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे बोटावर मोजून बघा, सहा, सहा, सहा आणि चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, जोडाक्षर एकच धरायचं. आणि गंमत त्या शेवटच्या चारात आहे, तीन चरण कान सहाला सोकावतो आणि चौथा मध्येच तुटतो, तिथं आपोआप थांबायला होतं. कॅप्शनला अजून काय पाहिजे.

पहिल्या बैठकीत असं झालं:

बंद झाले माग
गल्ली झाली शांत
पत्र्यावर आता
सुख आले

मोजायला बरोबर, पण ‘शांत’ आणि ‘आता’ कानाला जुळत नाही, शिवाय ‘झाले’, ‘झाली’ लागोपाठ दोनदा. ते सोपं होतं, ‘गल्लीत शांतता’ केलं, सहाची सहा राहिली आणि यमक पण बसलं. खरी अडचण शेवटच्या चरणाची होती. मला ते ‘सुख आले’ फार आवडलं होतं. दादाला वाचून दाखवलं तर म्हणाला, "सुख कुणाला?" आणि खाली बोट दाखवलं. कारखान्याच्या दारात कामगार येऊन बसले होते, बनियनवर, एक काका तंबाखू मळत वर आभाळाकडं बघत होते. यांची मजुरी मालावर असते, जेवढा माल निघेल तेवढे पैसे. माग बंद म्हणजे हजेरी चालू आणि पैसे बंद. वाऱ्याची झुळूक त्यांना पण बरी वाटत असणारच, पण ते त्यांनी म्हणावं, मी दुसऱ्या मजल्यावरनं कशाला म्हणू. आणि एक कळलं की तिथं कुठलीही भावना घातली की खोटी वाटायची, ‘मन भिजे’ घालून बघितलं, ‘थेंब बोले’ घालून बघितलं, सगळं ग्रीटिंग कार्ड. शेवटी जे ऐकलं तेच ठेवलं:

बंद झाले माग
गल्लीत शांतता
पत्र्यावर आता
थेंब थेंब

आपल्या हिशोबानं २२ अक्षरं, मोबाईलच्या हिशोबानं मोकळ्या जागा धरून ५०. बायोत निम्मी जागा शिल्लक. यात पाऊस हा शब्द नाही, खिडकी पण नाही, मैत्रिणीनं लगेच विचारलं, "माग म्हणजे मागे का?" बाहेरगावच्या माणसाला नाही कळणार कदाचित. नाही कळलं तर नाही कळलं, खाली सोलापूर लिहिलंय ना. पण रिमझिम परत घालणार नाही.

हे सगळं टाइप करून होईपर्यंत पाऊण तास गेला, मोबाईल १२ टक्क्यांवर आला आणि लाइट आली. कूलर घरघरला, समोर एक माग सुरू झाला, मग दुसरा, मग सगळेच. काका तंबाखू थुंकून आत गेले. पाऊस पडतोय की थांबलाय ते आता ऐकू येईना. खिडकीची काच सरकवून हात बाहेर काढला, कोरडाच राहिला. डासांच्या जाळीवरची वर्षभराची धूळ तेवढी भिजून चिखल झाली होती, फोटोत तीच आलीय ठळक, पाऊस काही दिसत नाही. तोच लावलाय.