नाही म्हणायला पुरावा कशाला मागायचा?

"ताई नमस्कार, मी पण मिरजेचाच. वडिलांचं हार्टचं ऑपरेशन सांगितलंय, ६० हजार कमी पडतायत. मदत म्हणून द्या नाहीतर उसने द्या, दिवाळीनंतर फेडतो. खाली नंबर दिलाय."

माझ्या ट्युलिपच्या फोटोखाली हे आलं आणि मी उत्तर लिहायच्या आतच शाळेच्या ग्रूपवर त्याचा स्क्रीनशॉट फिरायला लागला. फ्रॉड आहे, ब्लॉक कर. रिपोर्ट्स मागव, मग बघ कसा पळतो. एकीने तर परस्पर त्या मुलालाच विचारलं, हॉस्पिटलचं नाव सांगा, डॉक्टरचं नाव सांगा. मी तिला विचारलं, त्याने सगळं दाखवलं तर तू पैसे देणार आहेस का? तर नाही म्हणाली. मग कशाला मागतेस गं? ज्याला द्यायचेत त्याने जरूर चौकशी करावी, करायलाच हवी. पण ज्याला द्यायचेच नाहीत त्याने एखाद्याच्या बापाचा अँजिओग्राफीचा रिपोर्ट सगळ्या गावासमोर टाकायला लावायचा आणि मग गप्प बसायचं, याचा मला मनापासून राग येतो. आणि त्यात अजून एक गोची आहे. "खोटा वाटतोस म्हणून देत नाही" असं म्हटलं की तो खरा निघाल्यावर तुमच्याकडे कारणच उरत नाही. माझं "नाही" हे माझं आहे, त्याच्या खरेखोटेपणावर ते अवलंबून नाही.

इथे नेदरलँड्समध्ये, अॅम्स्टलवेनला, सप्टेंबरात संध्याकाळी बेल वाजते, दारात केडब्ल्यूएफ या कॅन्सरसाठी पैसे गोळा करणाऱ्या संस्थेचा डबा घेऊन कुणीतरी उभं असतं, बऱ्याचदा आपल्याच गल्लीतलं. पुढच्या आठवड्यात दुसरी संस्था, दुसरा डबा. द्यायचं तर क्यूआर स्कॅन करायचा, नाहीतर हसून म्हणायचं आज नको, आणि समोरचा "फाइने आव्हंट", म्हणजे शुभ संध्याकाळ, म्हणून शेजारच्या दाराकडे वळतो. दुसऱ्या दिवशी अल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये तोच माणूस भेटला तरी दोघांनाही काही वाटत नाही. मला हे फार आवडतं. आपल्याकडे नाही म्हणता येत नाही म्हणून आपण "बघते", "पगार झाला की सांगते", "इनबॉक्समध्ये बोलू" असं लांबवतो, आणि ज्याचं माणूस आयसीयूत आहे तो बिचारा त्या "बघते"वर दोन दिवस काढतो.

म्हणून मी अर्ध्या तासात एवढंच लिहिलं: "दादा नमस्कार. वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मला पैसे देणं जमणार नाही, उसनेही नाही. तुम्ही वाट बघत राहू नये म्हणून लगेच सांगतेय. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आजच भेटा, महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का विचारा. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला पण फोन करा. वडील लवकर बरे होवोत."

"नाही" वरच आलं पाहिजे, माहितीच्या ढिगाखाली नको. "उसनेही नाही" हे वेगळं लिहायचं, कारण मागणाऱ्याने दोन दारं उघडी ठेवलेली असतात, एक बंद केलं की तो दुसऱ्याची आशा धरतो. आणि कारण द्यायचं नाही. ट्युलिपच्या फोटोखाली "सध्या माझंच टाइट आहे" हे कोण खरं मानेल? आमच्या घरात देणं कुणाला आणि किती हे वर्षाच्या सुरुवातीला ठरतं, अनोळखी माणसाला व्यक्तिगत द्यायचं नाही हेही ठरलेलं आहे, पण ते चारचौघांत त्याला ऐकवायची काही गरज नाही.

ग्रूपवरचा एक मित्र म्हणाला, अगं सोपं आहे, एफसीआरए लागतं म्हणून सांग, परदेशातून देता येत नाही. हे अर्धवट आहे. तो कायदा मुख्यतः परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांच्या गळ्यात पडतो, आणि माझा पासपोर्ट अजून निळाच आहे, त्यामुळे माझी देणगी त्यात परदेशी धरत नाहीत. उद्या इथलं नागरिकत्व घेऊन ओसीआय झाले तर संस्थेला देताना तो प्रश्न येईल. पण त्या मुलाला आज हे कारण देणं म्हणजे खोटं बोलणं झालं, आणि ते ज्याला कळतं तो खाली येऊन लिहिणारच.

माझी मावसबहीण पुण्यात एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर आहे, तिला हे रोजचं. तिने माझं उत्तर वाचून पहिली शंका काढली की ते हॉस्पिटल योजनेत आहे का? नसेल तर आरोग्यमित्र तिथे भेटणारच नाही. योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत होतं, पण मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, खिशातून भरून नंतर मागता येत नाही. आणि हॉस्पिटल धर्मादाय असेल तर मुंबई हायकोर्टाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धनांना फुकट आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. त्यासाठी रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन पहिल्याच दिवशी सोशल वर्करकडे जायचं. ती म्हणाली, लोक डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात घेऊन रडत येतात, तेव्हा माझ्या हातात फार थोडं उरलेलं असतं. हे मी खाली जोडलं.

तिनेच अजून एक सुचवलं, नंबर काढून टाकायला सांग. गरजू माणसाचा नंबर उघड्यावर दिसला की "मी पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" म्हणणारे फोन त्यालाच येतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं एक वाक्य लिहिलं. ग्रूपमधले सगळे त्याच्यापासून सावध राहा म्हणत होते, त्याने कुणापासून सावध राहायचं हे कुणालाच सुचलं नव्हतं.

 

आईचं मात्र वेगळंच. ती फोनवर म्हणाली, "तुझ्या त्या डबेवाल्यांच्या घरात कुणी आडवं पडलेलं असतं का गं? ते दुसऱ्यासाठी मागतात, म्हणून हसून पुढे जातात." यावर मला बोलता येईना. आयगन रिसिकोचे, म्हणजे विम्याआधी वर्षाला स्वतः भरायचे, ३८५ युरो गेले की पुढचं बिल मी उघडूनही बघत नाही, माझ्या बाबांची बायपास झाली असती तर इथे कुणाच्या फोटोखाली लिहायची वेळ आली नसती. शांतपणे "नाही" ऐकून घेणं त्यामुळेच जमत असावं, स्वभावाचा भाग त्यात कमी. आणि खरं सांगू, त्याने "मी पण मिरजेचाच" लिहिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं बाहेर राहून कुणीतरी अजून आपल्यात धरतंय, आणि त्याच माणसाला मी नाही म्हणतेय. नाही म्हटल्यावर मी त्याच्या लेखी मिरजेची राहिले का परदेशातली कुणी ताई झाले, माहीत नाही.

रात्री त्याने परत लिहिलं, "ताई थोडे तरी, ५ हजार." मी लिहिलं, "नाही दादा, थोडेही नाही. उद्या सकाळी सोशल वर्करला भेटलात का तेवढं कळवा." आईचं म्हणणं, गाववाला आहे, ५ हजारांनी तुझं काय अडलं असतं. आमचं त्यावर अजून जमलेलं नाही.