सही झाली म्हणजे तोंडी पुरावा संपला?

एका पोस्टमध्ये लिहिलंय: "एकदा कागदावर सही झाली की तोंडी काय ठरलं होतं ते कोर्ट ऐकूनच घेत नाही. खरेदीखतात लिहिलंय तेच खरं."

"ऐकूनच घेत नाही." तोंडी पुराव्यावर बंदी आहे, हे खरं. 1872 च्या पुरावा कायद्यात ती कलम 91 आणि 92 मध्ये होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या 94 आणि 95 मध्ये आहे. पण ती दस्तातल्या अटींपुरती. समजा, खरेदीखतात किंमत 12 लाख आहे. विकणाऱ्याला "खरे 15 ठरले होते" असं तोंडी सिद्ध करता येणार नाही, कारण किंमत ही अट. मात्र "सर्व रक्कम पोचली" असं लिहून सही केलेली असली, तरी 4 लाख मिळालेच नाहीत हे तो साक्षीने दाखवू शकतो. पैसे पोचल्याची कबुली ही अट नाही, घडलेल्या गोष्टीचं विधान आहे. (तेवढ्यावर विक्री आपोआप रद्द होत नाही, मागता येते ती बाकी.)

"लिहिलंय तेच खरं." इथे ती पोस्ट सगळ्यात जास्त घोटाळा करते. कर्ज देताना सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेतो, हे आपल्याकडे जुनंच आहे. पुढे वाद झाला की कर्जदार काय म्हणतो, यावर सगळं अवलंबून असतं. "विक्री केली, पण पैसे फेडल्यावर जमीन परत द्यायची असं बोलणं झालं होतं" म्हणाल, तर तुम्ही दस्तात नसलेली अट जोडताय. ते चालणार नाही. मुदत खरेदीला, म्हणजे मुदतीत पैसे फेडल्यावर जमीन परत द्यायच्या विक्रीला, गहाण ठरवायचं, तर परतीची अट त्याच दस्तात हवी, असं मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 58 सांगतं. पण "विक्री करायचीच नव्हती, कागद नाममात्र होता, खरा व्यवहार कर्जाचा" हे म्हणणं वेगळं. गंगाबाई विरुद्ध छबूबाई या खटल्यात 1981 साली सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला आणि अशा तोंडी पुराव्याला कलम 92 आड येत नाही असं ठरवलं.

अर्थात पुरावा घेतला म्हणजे तो पटला असं नाही. मग ताबा कोणाकडे राहिला, घरपट्टी कोण भरत होतं, किंमत बाजारभावाच्या किती खाली होती, हे बघितलं जातं. नुसत्या शपथेवर नोंदणीकृत दस्त हलत नाही.

फसवणूक, धाकदपटशा किंवा चूक झाली असेल, तरी तोंडी पुरावा चालतो. दस्त ज्या बाबतीत गप्प आहे आणि जे त्याच्याशी विसंगत नाही, असं वेगळं बोलणंही दाखवता येतं. दस्त जितका रीतसर आणि तपशीलवार, तितकं ते अवघड.

उलट, करार *नंतर* तोंडी बदलला हे लोकांना सहज सिद्ध करता येईलसं वाटतं, आणि तिथेच ते अडकतात. नोंदणी केलेल्या भाडेकरारानंतर मालक फोनवर "दोन हजार कमी द्या" म्हणाला असेल, तर तो बदल तोंडी पुराव्याने शाबीत करता येत नाही.