सव्वा तासाचं विमान म्हणे!

"नागपूरहून पुणे? अरे, सव्वा-दीड तासात पोचतोस!" हे ऐकलं की डोकं फिरतं. विमान काय आर्णीच्या बसस्टँडवरून उडते का?

धरा, विमान 11 ला. बॅग द्यायचा काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी, म्हणजे 10 लाच बंद. दारावर ओळखपत्र, मग काउंटरची रांग, म्हणून 9 ला सोनेगावच्या विमानतळावर पाहिजेच. आर्णी ते यवतमाळ एक तास, तिथून विमानतळ तीन तास. विमानतळ वर्धा रोडवरच आहे, शहरात शिरावं लागत नाही, तेवढंच सुख. वर पाव तास पंक्चरसाठी. म्हणजे घर सोडायचं पावणेपाचला! हा हिशेब कोणी करत नाही, आणि मग 10 वाजून 5 मिनिटांनी काउंटरसमोर हात जोडतात. विमान समोर उभं असतं, तरी बॅग घेत नाहीत.

साडेबाराला पुणे. पुढं? दार उघडेपर्यंत सगळे उभे, मग पट्ट्यापाशी डोळे लावून बसा. एक वाजतो. बॅग सात किलोत बसवून हातात ठेवली, तर निदान हा पट्ट्यापाशचा वेळ वाचतो. पण घरचे तूरडाळीची दहा किलोची पिशवी देणारच! लोहगावहून कोथरूड, टॅक्सी मिळून सव्वा तास.

पावणेपाच ते सव्वादोन. साडेनऊ तास! आणि तिकडून फोन येतो, "साडेबाराला उतरला ना, मग जेवायला काऊन नाही आला?"