‘ग्रुपात राहून कामं मिळतात’ या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: “लेख म्हणजे पोकळ गप्पा. आठ महिने संघटनेच्या आणि कॉलेजच्या ग्रुपात आहे, एक काम नाही. मुळात आपलेच व्यवसायबंधू स्वतःच्या तोंडचं काम आपल्याला का देतील? वर सदस्यत्वाचे पैसे आणि कमिशनवाल्यांचा त्रास. असलं लिहून तरुणांची दिशाभूल करू नका. – एक प्रॅक्टिसिंग इंजिनिअर”

साहेब, ‘पोकळ’ हा शब्द आपण स्ट्रक्चरलवाले प्लास्टर ठोकून बघितल्यावर वापरतो. तुम्ही न ठोकताच वापरलात. नावही लिहिलं नाहीत. असो. एक चूक मान्य करतो: सदस्यत्वाचा अर्ज, त्याची छाननी आणि मग ग्रुपात प्रवेश, यात वेळ जातो हे मी लेखात सांगायला हवं होतं.

आता ‘का देतील’बद्दल. सतरा वर्षं स्वतंत्र काम करतोय, तेव्हा एवढं सांगायचा अधिकार मला असावा. ज्या इंजिनिअरने एखाद्या इमारतीच्या दुरुस्तीचं डिझाइन केलंय किंवा ज्याचं तिथल्या बिल्डरशी काम चालू आहे, तो त्याच इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून तटस्थ म्हणवू शकत नाही. त्याला दुसरं नाव द्यावंच लागतं. आठ माणसांचं ऑफिस चालवणाऱ्याला एका फ्लॅटमधली भिंत काढता येईल का हे बघायला बोरिवलीला जाणं परवडत नाही. ठाणे, नवी मुंबई महापालिकांच्या नोंदणीकृत इंजिनिअरांच्या याद्या मुंबईपेक्षा वेगळ्या, त्यामुळे तिथलं काम यादीतल्याच माणसाकडे जातं. आणि पेटासारख्या प्रॅक्टिस करणाऱ्या इंजिनिअरांच्या संघटनेत आर्किटेक्ट आणि टाउन प्लॅनरही आहेत. ते तुमचे प्रतिस्पर्धी नाहीत, त्यांना स्ट्रक्चरल इंजिनिअर लागतोच.

पण या लोकांना तुम्ही नेमकं काय करता हे माहीत हवं. ‘सर्व प्रकारची सिव्हिल कामं’ लिहिणाऱ्याचं नाव कोणाला आठवत नाही. ‘30 वर्षांवरच्या सोसायट्यांचं ऑडिट, मुलुंड ते ठाणे’ लिहिलं की तशी चौकशी आल्यावर तेच नाव पुढे जातं.

कॉलेजच्या ग्रुपाचं गणित वेगळं. तिथे इंजिनिअर कमी, सोसायटीचे सेक्रेटरी जास्त. समजा कोणी लिहिलं, “मुलुंडची सोसायटी, तळ अधिक चार मजले, 1991ची ओसी, 353-बची नोटीस आली, काय करू?” यावर ‘सर, मी करतो, फोन करा’ असं लिहिणारे पाच जण येतात आणि पाचही विसरले जातात. त्याऐवजी तिथेच उत्तर द्या: मुंबई महापालिका कायद्याच्या 353-ब कलमाप्रमाणे 30 वर्षं झालेल्या इमारतीला महापालिकेकडे नोंदणी असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच प्रमाणपत्र लागतं, ऑडिटची फी आणि चाचण्यांचा खर्च कोटेशनमध्ये वेगळा मागा, आणि दुरुस्तीच्या ठेकेदाराने आणलेला ऑडिटर घेऊ नका. शेवटी एक प्रश्न विचारा: तळमजल्याच्या कॉलमना सळईच्या रेषेत उभी चीर आणि तपकिरी डाग आहे का? असेल तर सळई गंजून फुगत असण्याची शक्यता दाट, आधी तिथेच बघायला हवं. फोटो येतो, बोलणं खासगीत जातं. शिवाय ते उत्तर ग्रुपातले इतर सेक्रेटरीही वाचतात आणि त्यांची नोटीस आली की शोधून काढतात.

आणखी एक गोष्ट तपासा. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव नुसतं टाइप केलं असेल, यादीतून निवडलं नसेल, तर कॉलेजच्या पानावरच्या Alumni टॅबमध्ये तुम्ही दिसतच नाही. व्हीजेटीआयच्या जुन्या बॅचचे लोक प्रोफाइलवर Victoria Jubilee Technical Institute लिहितात, संस्थेचं नाव 1997मध्ये बदललं तरी. त्याच टॅबमध्ये शहर आणि कामाचं क्षेत्र निवडून फॅसिलिटी किंवा रिअल इस्टेटमधले आपले लोक सापडतात. तुमच्या आठ महिन्यांत हे केलंत का, ते प्रतिक्रियेत काही दिसलं नाही.

नाव मिळाल्यावर बिघडतं ते बहुतेक एकाच ठिकाणी. ज्याने तुमचं नाव सुचवलं त्याला पुढचं काही कळवलं जात नाही. चौकशी आली त्याच दिवशी सोसायटीला फोन करा आणि सुचवणाऱ्याला दोन ओळी टाका: ‘बोललो, शनिवारी पाहणी.’ काम घेणार नसाल तर तेही कळवा. पंधरा दिवसांनी सेक्रेटरीने ‘तुमचा माणूस आलाच नाही’ म्हटलं की तो पुन्हा कोणालाच तुमचं नाव देत नाही. आणि हे तो तुम्हाला सांगतही नाही, म्हणून तुम्हाला वाटतं ग्रुप मेलाय.

कमिशनवाले सगळीकडेच आहेत, त्यावर कशाला वेळ घालवायचा? देऊ नका. दुरुस्तीच्या ठेकेदाराकडून घेऊ तर मुळीच नका, कारण मग तुमच्या अहवालातलं दुरुस्तीचं प्रमाण कोणी खरं मानणार नाही.

‘दिशाभूल’ हा शब्द मात्र परत घ्या. आणि पुढच्या वेळी नाव आणि विभाग लिहा, म्हणजे तिकडचं एखादं काम पाठवायचं झालं तर कोणाला पाठवायचं ते तरी कळेल.