कौतुकाने पाय हलत नाहीत, मान्य. पण हेवा कुठल्या दिशेला चालतो?

मत्सर सोडून मुलांनी एकमेकांचं कौतुक करायला शिकावं, मग स्पर्धा निकोप राहते, अशा आशयाच्या माझ्या लेखावर आलेली एका वाचकाची प्रतिक्रिया:

«लेख वाचायला गोड आहे, पण वस्तुस्थितीला धरून नाही. कौतुक करणारी मुलं टाळ्या वाजवून घरी जातात. माझी मुलगी वर्गातल्या मैत्रिणीवर जळत होती म्हणूनच रात्र रात्र अभ्यासाला बसली आणि पुढे आली. हेवा काढून टाकलात तर स्पर्धा उरेल कुठे? आणि स्पर्धा निकोप राहते की नाही, हा घरच्या संस्कारांचा प्रश्न आहे.»

नमस्कार. प्रतिक्रिया झणझणीत आहे, त्यामुळे उत्तरही जरा सविस्तर देतो.

टाळ्यांच्या बाबतीत संशोधन तुमच्याच बाजूने आहे. नेदरलँड्समधल्या टिलबर्ग विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ नील्स व्हान डे व्हेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये नेमक्या याच प्रश्नावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपल्यापेक्षा सरस ठरलेल्या माणसाबद्दल काही विद्यार्थ्यांच्या मनात कौतुक जागं केलं, काहींच्या मनात हेवा, आणि मग ते किती अभ्यास करायचं ठरवतात, शब्दांची कोडी किती चिकाटीने सोडवतात, हे पाहिलं. कौतुकवाल्यांना छान वाटलं, पण त्यांची मेहनत वाढली नाही. का, ते समजायला अवघड नाही. ‘हे आपल्याला जमण्यातलं नाही’ असं एकदा मनाशी ठरलं की कौतुक करणं सोपं होतं. ‘तो हुशारच आहे हो’ या वाक्यात कौतुक असतंच, पण बोलणाऱ्याची सुटकाही असते.

पण त्याच प्रयोगांतली दुसरी अर्धी गोष्टही पाहावी लागेल. मेहनत वाढवणारा हेवा हा हेव्याचा एकच प्रकार निघाला. ‘तिच्याकडे आहे ते मलाही मिळवायचं आहे’ असं वाटणाऱ्यांनी जास्त जोर लावला. ‘तिच्याकडचं जावं’ असं वाटणाऱ्यांनी लावला नाही. पोटात दुखतं दोन्हीकडे, आणि सुरुवातीला ते दुखणं आतून सारखंच वाटतं. फाटा फुटतो तो दोन प्रश्नांच्या उत्तरांवर. तिला मिळालं ते रास्त होतं का? आणि मला तिथवर पोचता येईल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर हेवा वर चढायला बघतो. मिळालेलं रास्त वाटलं नाही, किंवा पोचण्याचा रस्ताच दिसेनासा झाला, तर तो समोरच्याला खाली ओढायला बघतो. लेखात मी मत्सर म्हटलं ते याला.

आता संस्कारांकडे येतो, कारण माझा खरा मतभेद तिथे आहे.

मानसशास्त्रज्ञ अब्राहम टेसर आणि जोनाथन स्मिथ यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना आपापल्या मित्राबरोबर बोलावलं. खेळ साधा होता: एकाने मनातला शब्द ओळखायचा आणि बाकीच्यांनी त्याला सूचक शब्द द्यायचे. सूचक शब्दांची यादी तयारच होती, त्यातले काही सोपे, काही अवघड, आणि कुठला द्यायचा ते देणाऱ्याच्या हातात. आधी प्रत्येकाला ‘तुमची कामगिरी बेताचीच झाली’ असं सांगितलं. त्यानंतर इतरांना सूचक शब्द देण्याची पाळी आली. त्या इतरांत स्वतःचा मित्रही होता आणि अनोळखी मुलंही.

हा नुसता खेळ आहे असं ज्यांना सांगितलं होतं, त्यांनी अपेक्षेप्रमाणे मित्राला सोपे शब्द दिले आणि परक्यांना अवघड. ज्यांना सांगितलं होतं की यातून तुमची महत्त्वाची बौद्धिक क्षमता कळते, त्यांच्यात चित्र उलटलं. मित्राला परक्यापेक्षा अवघड शब्द मिळाले.

इथे संस्कार बदलले नव्हते. तशाच घरांतली तशीच मुलं दोन्ही गटांत होती, फक्त खेळाची ओळख वेगळी करून दिली होती. परका पुढे गेला तर फारसं काही बिघडत नाही, पण रोज शेजारी बसणारा मित्र आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या गोष्टीत पुढे गेला तर आपली स्वतःबद्दलची कल्पनाच हलते. शिवाय कोणी फसवणूक केली नाही की नियम मोडला नाही. यादीतलाच शब्द दिला, एवढंच. मदत तर केलीच की!

वर्गातला मत्सर बहुतेक वेळा याच रूपात वावरतो, म्हणून तो शिक्षकांना दिसत नाही. वह्या चोरणारी मुलं क्वचित असतात. वही मागितली की ‘देते’ म्हणायचं आणि ती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी द्यायची, हे मात्र सर्रास चालतं. प्रकरणाचा सारांश द्यायचा, पण सोडवलेली जुनी प्रश्नपत्रिका आपल्याकडे आहे हे बोलायचं नाही. चार वेळा उजळणी झालेली असताना ‘माझं तर काहीच झालं नाही गं’ म्हणायचं. यातल्या एकाही गोष्टीला कॉपी म्हणता येत नाही, पण शर्यतीतली जमीन मात्र तिरकी होते. आणि ती नेमकी सगळ्यात जवळच्या माणसाच्या पायाखाली तिरकी होते.

याला सर्वांत जास्त खतपाणी घालते ती गुण देण्याची पद्धत. एक हिशेब करून पाहू. वर्गात ४० मुलं आहेत आणि वरच्या ५ जणांनाच ‘अ’ श्रेणी मिळणार आहे. एक मुलगी ८६ गुणांवर सहावी आहे. तिची मैत्रीण ८७ वर पाचवी आहे आणि तिला एक प्रकरण समजत नाहीये. सहावीने ते समजावून सांगितलं आणि मैत्रिणीचे ३ गुण वाढले, तर अंतर १ वरून ४ वर गेलं. म्हणजे तिने वेळ दिला आणि वर स्वतःची श्रेणी लांब ढकलली. तेच प्रकरण तिने विसाव्या क्रमांकावरच्या मुलाला समजावलं तर तिचं काहीच जात नाही. म्हणून अशा वर्गात उदारपणा दूरच्यांसाठी राहतो आणि ओढाताण सीमारेषेवरच्या दोघातिघांत होते, जे बहुधा एकाच बाकावर बसणारे असतात.

आता नियम एवढाच बदला: ८५ आणि त्यावर गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला ‘अ’. दोघींनाही ‘अ’ मिळते. मैत्रिणीला समजावून सांगण्याची किंमत आता फक्त अर्ध्या तासाची. उलट, दुसऱ्याला शिकवताना आपलंच कुठे कच्चं आहे ते कळतं, तो फायदा वेगळा. हेवा याही वर्गात राहील. ८७ वालीकडे पाहून ८६ वालीला टोचेलच. पण त्या टोचण्याला बाहेर पडायला वर जाणारा रस्ता उघडा आहे, आणि खाली ओढून हाती काही लागत नाही.

‘मग पुढच्या प्रवेशांना जागा मोजक्याच असतात, तिथे काय?’ असं तुम्ही विचाराल. विचारायलाच हवं. जिथे जागा ठरलेल्या आहेत तिथे क्रमवारी लावावीच लागते, ८५ ची रेषा ओढून भागत नाही. पण निवडीची परीक्षा एका दिवसाची असते. त्या दिवसासाठी वर्षभराची प्रत्येक चाचणी, प्रत्येक गृहपाठ क्रमवारीत मांडायची गरज नाही. शिकण्याचे महिने आणि निवडीचा दिवस वेगळे ठेवता येतात. शिवाय त्या परीक्षेला वर्गाबाहेरचे असंख्य उमेदवार बसत असतील, तर बाकावरच्या मैत्रिणीला अडवून तुमचा क्रमांक फार तर एकाने सुधारतो. मत्सर हा हिशेब चुकवतो. शर्यत सगळ्यांशी असते आणि त्याला शेजारचीच दिसते.

तुमच्या मुलीकडे वळतो. ती रात्री जागली, म्हणजे तिचा हेवा वर चढणारा असावा असा माझा अंदाज आहे. पण जागरणावरून ते सिद्ध होत नाही. मी दोन खुणा पाहीन. एक, ती मैत्रिणीबद्दल बोलते तेव्हा प्रश्न कसले येतात? ‘तिने गणितं कुठून सोडवली, किती दिवस आधी सुरुवात केली’ असे, की ‘तिला बाई जास्त देतात, तिची क्लासची वहीच वेगळी’ असे? दुसरी खूण जास्त भरवशाची: मैत्रिणीचा एखादा पेपर बिघडला त्या दिवशी मुलीला कसं वाटलं? हलकं वाटलं म्हणून ती वाईट ठरत नाही, तसं कोणालाही क्षणभर वाटतं. पण तो हलकेपणा स्वतःच्या चांगल्या गुणांपेक्षा जास्त टिकला, तर हेव्याने दिशा बदलली आहे असं समजा.

मग कौतुकाला काय काम उरतं? ते अभ्यासाला बसवत नाही हे वर कबूल केलं आहे. पण जिच्याबद्दल कौतुक वाटतं तिच्याजवळ आपण जातो, ‘हे कसं केलंस’ म्हणून विचारतो, आणि त्या उत्तरातून वर सांगितलेले दोन्ही प्रश्न सुटायला मदत होते. तिने कशी मेहनत केली ते कळलं की मिळालेलं रास्त वाटतं, आणि टप्पे कळले की रस्ता दिसतो. म्हणून पहिल्या आलेल्या मुलीला उभं करून ‘हिच्याकडून काहीतरी शिका’ म्हणणं मला घातक वाटतं. काय शिकायचं ते कोणीच सांगत नाही, आणि उरलेल्या ३९ जणांना आपलं माप काढल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा तिला फळ्यापाशी बोलावून एक उदाहरण सोडवायला सांगावं, आणि पहिल्यांदा ती कुठे अडली होती तेही सांगायला लावावं. ते अडणं ऐकलं की बाकीच्यांना ती आपल्यातलीच वाटते.

एका बाबतीत मात्र हेवा-कौतुक हा शब्दच बाजूला ठेवावा लागतो. कोणाला प्रश्न आधी कळले, कोणाचा पेपर सैल हाताने तपासला गेला, आणि मागे राहिलेल्याने तक्रार केली, की त्याला हमखास ऐकवलं जातं, ‘जळतोस तू’. त्याचं तोंड बंद करायला हे वाक्य फार सोयीचं आहे. पण नियम मोडल्याचा राग वेगळा आणि दुसऱ्याच्या यशाचा त्रास वेगळा. तक्रार करणाऱ्याला विचारा: पेपर पुन्हा तपासला, तुझे गुण तेवढेच राहिले आणि त्याचेही रास्त ठरले, तर तुझं समाधान होईल का? ‘हो’ म्हणाला तर त्याला जळकुटा म्हणायचं बंद करा आणि पेपर मागवून घ्या.