‘वकिलाला पहिला मेसेज कसा करावा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “सर, तुमचा लेख पटला नाही. अडचणीतला माणूस घाबरलेला असतो. त्यानं तारखा, नावं, भेटीच्या वेळा असं सगळं मांडून मेसेज करायचा, म्हणजे वकिलाचं काम त्यानंच करायचं का? माझ्या मामांचा चेक परत आला. ‘अर्जंट भेटायचंय, फोन करा’ असा मेसेज केला, तर वकिलांचं चार दिवस उत्तर नाही. आणि व्हॉट्सअॅपवर सगळं लिहायचं तर गुप्ततेचं काय? आमच्या मंगळवेढ्याकडच्या ज्या लोकांना लिहिताच येत नाही, त्यांनी काय करायचं?”

ताई, नमस्कार.

वकिलांनी चार दिवस उत्तर दिलं नाही, हे चूकच. काम घेणार नसाल तर तसं त्याच दिवशी कळवावं, म्हणजे माणूस दुसरीकडे जाऊ शकतो. त्या बाबतीत मी वकिलांची बाजू घेणार नाही. पण तुम्ही चेकचं उदाहरण दिलंत म्हणून सविस्तर लिहितो, कारण चेकच्या प्रकरणात ते चार दिवस फार महाग पडू शकतात आणि मेसेजमधल्या एका तारखेनं ते वाचू शकतात.

चेक बाउन्सचा कायदा, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टचं कलम १३८, मुदतींवर उभा आहे. चेक न वटल्याचं बँकेकडून कळलं की ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला त्याला १५ दिवस मिळतात. तेवढ्यात त्यानं दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात फिर्याद दाखल करायची. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. नोटिशीच्या ३० दिवसांना मात्र माफी नाही. एकतिसाव्या दिवशी पाठवलेल्या नोटिशीवर ही केस उभी राहत नाही.

आता एक प्रकरण घेऊ. ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखानदार. हैदराबादच्या व्यापाऱ्याला माल दिला, त्याबदल्यात ४,८०,००० रुपयांचा चेक आला, चेकवरची तारीख १० जानेवारी. गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत चेक बँकेत टाकायला थोडा उशीर झाला. २० जानेवारीला चेक परत आला आणि त्याच दिवशी बँकेचा मेमो हातात पडला. मग महिनाभर व्यापाऱ्याशी फोनाफोनी. ‘आज टाकतो, उद्या टाकतो.’ आपल्याकडे असंच होतं, आणि त्यात गैर काही नाही, धंद्याचे संबंध असतात. १७ फेब्रुवारीला सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी त्यांचा मेसेज आला : “साहेब, अर्जंट काम आहे. मोठी फसवणूक झालीय. फोन करा.”

त्या वेळी वकील कोर्टात असतो. फोन सायलेंट, समोर बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, चालू, आपला पुकारा कधी होईल सांगता येत नाही. दुपारच्या सुट्टीत मेसेज बघितला तर तसेच ‘अर्जंट’ म्हणणारे आणखी दहाजण असतात. ‘फसवणूक’ वाचून वकिलाला वाटतं, पोलीस ठाण्याचं काम दिसतंय, संध्याकाळी बोलू. तरी फोन लावला, तर कारखान्यात लूमच्या आवाजात रिंग ऐकू आली नाही. त्यांनी साडेचारला उलट फोन केला, तेव्हा इकडे उलटतपास चालू. तो दिवस गेला.

मेमो मिळाला तो दिवस सोडून ३० दिवस मोजा. शेवटचा दिवस येतो १९ फेब्रुवारी, म्हणजे शिवजयंती. सुट्टी आली म्हणून एक दिवस जास्त मिळेल, या भरवशावर नोटीस ठेवू नये. म्हणजे हातात खरा दिवस उरला १८ चा. त्या एका दिवसात बिलं बघायची, चेकवर सही कुणाची आहे ते तपासायचं, चेक फर्मचा की मालकाचा ते पाहायचं, चेकची नेमकी रक्कम मागणारी नोटीस तयार करायची आणि पोस्ट बंद व्हायच्या आत स्पीड पोस्टानं पाठवायची. होतं, पण धावपळीत होतं, आणि नाव किंवा रकमेतली चूक अशा धावपळीतच राहून जाते.

त्याच माणसानं त्याच मिनिटाला हा मेसेज केला असता तर?

“नमस्कार साहेब. अक्कलकोट रोडला माझा टॉवेलचा कारखाना आहे. हैदराबादच्या (फर्मचं नाव) यांचा ४,८०,००० चा चेक परत आला. चेकची तारीख १० जानेवारी, बँकेचा मेमो मिळाला २० जानेवारीला. नोटीस अजून दिली नाही. चेक, मेमो, बिलं जवळ आहेत. आज ६ नंतर किंवा उद्या सकाळी १० च्या आत येऊ शकतो. फोन दुपारी २ ते २.३० मध्ये उचलता येईल.”

यात ‘अर्जंट’ कुठेच लिहिलेलं नाही. पण दुपारच्या सुट्टीत मेमोची तारीख वाचली की कुठलाही वकील बोटांवर दिवस मोजतो आणि लगेच उत्तर देतो : “आज सहाला या, मूळ चेक आणि मेमो आणा.” जुनियरला नोटिशीचा मसुदा काढायला सांगतो. रात्री नोटीस तयार, दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात. म्हणजे तारीख लिहिणाऱ्यानं वकिलाचं काम केलेलं नाही. बाकीची कामं बाजूला ठेवून आधी आपलं बघायला त्यानं वकिलाला कारण दिलं.

चेकवरची तारीखही मी मुद्दाम लिहायला सांगतो. २०१२ च्या एप्रिलपासून चेकची मुदत, त्यावरच्या तारखेपासून तीन महिन्यांची आहे. या प्रकरणात ती एप्रिलच्या १० तारखेच्या आसपास संपते. समजा, कारखानदार २५ फेब्रुवारीला आले असते. नोटिशीचे ३० दिवस गेले, पण चेक अजून जिवंत आहे. तो पुन्हा बँकेत टाकायचा. पुन्हा परत आला तर नवा मेमो मिळतो आणि त्या मेमोपासून नवे ३० दिवस सुरू होतात. असं करता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. तेच गृहस्थ एप्रिल संपताना आले असते तर हा रस्ताही बंद. मग उरतो वसुलीचा दिवाणी दावा. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, पण त्यात कोर्ट फी भरावी लागते आणि समोरच्याला फौजदारी केसचा धाकही राहत नाही. एकच माणूस, एकच चेक, आणि केवळ दोन तारखांवरून सल्ला तीन प्रकारे बदलतो.

समोरच्या पक्षाचं नाव मागण्याचं कारण वेगळं आहे. सोलापूरच्या सूत आणि टॉवेलच्या बाजारात सगळे एकमेकांशी जोडलेले. ज्याच्याविरुद्ध तुम्ही येताय तो कदाचित माझाच जुना पक्षकार असेल. तसं असेल तर मला तुमचं काम घेता येत नाही, आणि तुमची हकीकत ऐकून घेणंही बरोबर नाही. सगळं सांगून झाल्यावर हे कळलं तर तुमची माहिती नको त्या ठिकाणी पोचलेली असते. नाव आधी कळलं तर मी दोन ओळींत सांगतो, “मला जमणार नाही, आजच दुसऱ्या वकिलांना भेटा.”

गुप्ततेबद्दलची तुमची शंका रास्त आहे. पक्षकारानं वकिलाला सल्ल्यासाठी सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ चं संरक्षण आहे. पण कायदा वकिलाचं तोंड बंद ठेवतो, तुमच्या फोनला कुलूप लावत नाही. तो फोन मुनीम बघतो, भागीदार बघतो, घरातली मुलं बघतात. म्हणून पहिल्या मेसेजमध्ये फक्त कागदावर आधीच छापलेलं आहे तेवढंच लिहावं : कोणता कागद, कोणाचा, किती रकमेचा, कोणत्या तारखेचा. चेक कशासाठी दिला होता, मधे रोखीनं काही पैसे आले का, काही माल बिलाशिवाय गेला का, हे समोर बसूनच सांगावं. ते सांगायचं मात्र नक्की, कारण मधे आलेले पैसे वकिलापासून लपवले तर पुढे केसच अडचणीत येते.

लिहिता येत नसेल तर लिहू नये. मेमोचा आणि चेकचा सरळ, पूर्ण दिसणारा फोटो पाठवावा. उलट बाजूनं, म्हणजे तुम्हालाच कुणाची नोटीस किंवा समन्स आलं असेल, तर पाकिटाचाही फोटो पाठवावा, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याचाही. आपल्याकडे पाकीट पहिलं चुलीत जातं, आणि नोटीस कधी मिळाली हे दाखवणारा कागद बहुतेक वेळा तोच असतो. फोटोबरोबर अर्ध्या मिनिटाचा आवाज : गाव कोणतं, सोलापूरला कोणत्या दिवशी येऊ शकता, परतीची एसटी किती वाजता. मंगळवेढ्याहून येणाऱ्या माणसाला ‘कधीही या’ म्हणणं म्हणजे त्याचा दिवस बुडवणं, आणि त्यानं ‘कधीही येतो’ म्हटलं तर मला पुन्हा एक फोन करावा लागतो. सोयीच्या दोन वेळा सांगितल्या तर त्यातली एक जमते. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता.

अटकेच्या वेळी यातलं काही लागू नाही. घरातल्या कुणाला पोलीस घेऊन गेले असतील तर टाइप करत बसू नका. फोन करा, फोन लागला नाही तर चेंबरवर माणूस पाठवा, आणि दोनच गोष्टी सांगा : कोणतं पोलीस ठाणं, आणि किती वाजता नेलं. अटक केल्यास प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावं लागतं, म्हणून तिथे तारखेऐवजी तास महत्त्वाचा.

आणखी एक, जे मूळ लेखात थोडक्यात आलं होतं. मेसेज पाठवला म्हणजे वकील लागला असं होत नाही. समोरून ‘काम घेतो’ असं येईपर्यंत मुदत तुमचीच चालू असते. मेसेजला संध्याकाळपर्यंत उत्तर नाही आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या वकिलांकडे जा. यात पहिल्या वकिलांचा अपमान नाही, कुणालाही वाईट वाटायचं कारण नाही.

आता तुमच्या मामांचं. त्या वकिलांची वाट बघत थांबू नका. आजच त्यांच्याकडून दोन फोटो मागवा, चेकचा आणि मेमोचा. मेमो मिळून ३० दिवस झाले नसतील तर जवळच्या कुठल्याही वकिलाकडून नोटीस पाठवा, मंगळवेढ्याच्या कोर्टातही चांगले वकील आहेत. ३० दिवस उलटून गेले असतील, तर चेकवरच्या तारखेला तीन महिने झालेत का ते बघा. झाले नसतील तर चेक पुन्हा बँकेत टाकायला सांगा, आणि या वेळी मेमो हातात आला की त्यावर मिळाल्याची तारीख लगेच लिहून ठेवा.